मदत हवी आहे: धुरकट संध्याकाळच्या फोटोत बसवलेला नवरदेव चिकटवल्यासारखा दिसतोय

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका स्टुडिओत एडिटिंगचं काम करतो. एका प्रीवेडिंग अल्बमचं कव्हर अडकून पडलंय.

हिप्परगा तलावाच्या बांधावर संध्याकाळी शूट झालं. आसपासच्या शेतात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर पाण्यावर येऊन बसला होता. सूर्य कॅमेऱ्यासमोर, खाली आलेला. सगळं दृश्य तांबूस-धुरकट. नवरी कॅमेऱ्यापासून चार पावलांवर उभी आहे आणि मागे बांध लांबवर गेलाय. नवरदेवाला त्या दिवशी रजा मिळाली नाही, म्हणून त्याचा फोटो नंतर स्टुडिओत फ्लॅशवर काढला: मोतिया शेरवानी, काळे बूट. मालकांचं म्हणणं, तो बांधावरून लांबून चालत येताना दिसला पाहिजे. म्हणून त्याला शंभरेक पावलांवरच्या बाभळीच्या खोडाशेजारी बसवलाय.

कटिंग नीट आहे, केसही स्वच्छ निघालेत. सावली दिलीय, रंग थोडा गरम केलाय. सगळ्यावर धुक्याचा पीएनजी स्क्रीन मोडमध्ये टाकून पाहिला. तरी तो पुठ्ठ्याचा कटआउटच वाटतो. पीएनजी वाढवला की नवरी आणि झाडं पांढरी पडतात, तो मात्र तसाच उठून दिसतो. काय राहतंय?

बाळीवेसचा बंड्या

काय बे, सोपं आहे. नवरदेवाच्या लेयरचा कॉन्ट्रास्ट कमी कर, सॅच्युरेशन उतरव, विषय संपला. नाहीतर कॅमेरा रॉ मध्ये डीहेझचा स्लायडर उलटा, मायनसमध्ये ओढ. मी लग्नाच्या बॅनरवर तेच करतो, कुणाला कळत नाही.

शेंगाचटणी

दोन्ही केलं दादा. कॉन्ट्रास्ट उतरवला तर तो राखेसारखा करडा होतो आणि मागचं सगळं तांबूस राहतं. डीहेझने थोडं बरं वाटलं, पण किती ओढायचं याला काही हिशेबच नाही. दर वेळी वेगळं दिसतं.

अंधारखोली

बंड्यांची दिशा बरोबर आहे, पण अर्धीच. धुरामुळे कॉन्ट्रास्ट कमी होतो हे खरं. मात्र तो करड्या रंगाकडे जात नाही, धुराच्या रंगाकडे जातो. कॅमेरा आणि माणूस यांच्या मधल्या हवेत दोन गोष्टी एकदम घडतात. माणसाकडून येणारा उजेड वाटेत काही प्रमाणात गळतो, आणि सूर्याचा उजेड त्या कणांवर आपटून कॅमेऱ्याकडे वळतो, तो वरून मिसळतो. त्यामुळे लांबचा काळा काळा राहत नाही, आणि धुरापेक्षा उजळ असलेला पांढराही खाली उतरतो. माणूस जितका लांब, तितकं हे जास्त.

तुमचा पीएनजी फसतो याची कारणं दोन. स्क्रीन मोड फक्त उजळ करतो, पांढरं खाली आणत नाही. शेरवानी आणखी चमकत असणार. दुसरं महत्त्वाचं. बाभळीवर त्या संध्याकाळचा खरा धूर आधीच आहे, नवरदेवावर अजिबात नाही. सगळ्यांवर सारखा थर टाकला तर दोघंही पुढे सरकतात आणि दोघांमधला फरक जवळपास तसाच राहतो. धूर फक्त नवरदेवाला द्यायचाय, तोही बाभळीला मिळालाय तेवढाच.

आयड्रॉपरचा सॅम्पल साइज ५ बाय ५ ठेवून इन्फो पॅनेलमधले आकडे इथे टाका: खोडाचा सगळ्यात काळा भाग, नवरदेवाचे बूट, आणि त्याच्या डोक्याच्या आजूबाजूचा धूर. वरचं आकाश घेऊ नका. सूर्याच्या बाजूला धूर जास्त उजळ असतो, त्यामुळे तो माणूस जिथे उभा आहे तिथलाच रंग हवा.

शेंगाचटणी

काका, हे घ्या. लाल, हिरवा, निळा या क्रमाने.

खोड: ७८, ६७, ६३
बूट: ९, ८, ८
धूर: १८६, १५८, १५०

अंधारखोली

आकड्यांतच उत्तर आहे. एकाच अंतरावर उभ्या असलेल्या दोन काळ्या वस्तू, एक ७८ आणि एक ९. डोळ्याला नाव सांगता येत नाही, पण खोटं कळतं ते इथूनच.

आता हिशेब. धूर नसता तर खोडाचा काळा भाग साधारण १२ च्या आसपास आला असता असं धरू. धुराचा लाल १८६. म्हणजे आधी फरक १७४ चा होता, आता उरलाय १०८ चा. १०८ भागिले १७४ म्हणजे ०.६२. माणसाचा स्वतःचा उजेड ६२ टक्के उरतो आणि ३८ टक्के जागा धूर घेतो.

नवरदेवाच्या लेयरवर सॉलिड कलरचा लेयर घ्या, रंग १८६-१५८-१५०, त्याला क्लिपिंग मास्क करा, ब्लेंड मोड नॉर्मल, ओपॅसिटी ३८. बूट ७६, ६५, ६२ च्या आसपास आले पाहिजेत. खोडाला लागून.

नॉर्मलच का? कारण नॉर्मल मोड हेच करतो: खालचा रंग ६२ टक्के अधिक वरचा ३८ टक्के. काळं वर येतं, पांढरं खाली जातं, रंग फिकट होऊन धुराकडे झुकतो. कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, रंग यांचे वेगळे स्लायडर ओढायला नकोत.

गड्डा_यात्री

माझाही असाच प्रश्न आहे. सिद्धेश्वर मंदिराच्या फोटोत बहिणीला बसवलं आणि पाऊस टाकला. रेघा छान दिसतात, पण ती पावसात उभी आहे असं वाटत नाही. तिलाही हाच ३८ टक्क्यांचा रंग द्यायचा का?

अंधारखोली

नाही, ३८ हा त्याच फोटोचा आकडा आहे. तुमच्याकडे बहुधा रेघांचा एकच लेयर सगळ्यांच्या वर बसलाय. त्याचे निदान दोन करा. बारीक, दाट, फिकट रेघांचा लेयर बहिणीच्या मागे, आणि थोड्याच पण मोठ्या, पुसट रेघांचा तिच्या पुढे. आणि तिचे केस-खांदे कोरडे असतील तर कितीही रेघा टाकून उपयोग नाही. ओलं कापड गडद होतं, त्यावर बारीक चमक येते, खांद्यावर थेंब फुटतात. ते हातानेच रंगवावं लागतं. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे शेंगाचटणींचं काम मागे पडेल.

शेंगाचटणी

काका, बूट जुळले! ७६, ६५, ६२ तंतोतंत. पाय तर एकदम जागेवर बसले. पण कमरेच्या वर अजूनही दिवा लावल्यासारखा दिसतोय. शेरवानी २१५ दाखवते. ओपॅसिटी ५५ केली तर ती शांत होते, पण मग बूट खोडापेक्षा फिके पडतात.

अंधारखोली

ओपॅसिटी ३८ वरच राहू द्या. तो दोष धुराचा नाही, फ्लॅशचा आहे. बांधावर सूर्य त्याच्या पाठीमागे आहे, म्हणजे कॅमेऱ्याकडची बाजू सावलीत हवी. तुमच्या स्टुडिओत तीच बाजू उजळलीय. धूर वाढवून उजेडाची चूक झाकता येत नाही.

त्याच अंतरावर काही पांढरं आहे का? चुन्याचा दगड, बगळा, काहीही.

शेंगाचटणी

बाभळीच्या बुंध्यापाशी चुना लावलेला दगड आहे. १६५, १४२, १३४. शेरवानी मुळात २३२, २२८, २२०.

अंधारखोली

उत्तम. धुरातून पाहिल्यावर शेरवानी फार तर त्या दगडाइतकी उजळ दिसावी. मग उलटं जाऊ. १६५ मधून धुराचा वाटा, म्हणजे १८६ चे ३८ टक्के, साधारण ७१, वजा करा. उरले ९४. त्याला ०.६२ ने भागा, १५२ येतं. तसंच हिरव्याचं १३२ आणि निळ्याचं १२४. म्हणजे धुराच्या लेयरच्या खाली एक कर्व्ह्ज लेयर घालायचा, तोही क्लिप करून, आणि शेरवानी २३२ वरून १५२ पर्यंत उतरवायची, तिन्ही चॅनेल वेगवेगळे. बूट काळेच आहेत, त्यांना फारसा धक्का लागणार नाही.

क्रम उलटा करू नका. आधी माणसावरचा उजेड, मग मधली हवा. कर्व्ह्ज धुराच्या वर ठेवलात तर जुळवलेला काळा परत बिघडेल.

मग डोक्याच्या आणि खांद्याच्या कडेला सूर्याची बारीक किनार रंगवा, पाठीमागून उजेड आहे म्हणून. आणि तपासायला सगळ्यात वर तात्पुरता लेव्हल्स लेयर घालून इनपुटचा पांढरा त्रिकोण १०० वर आणा. गडद भाग ताणले जातात, त्यात खोड आणि बूट वेगळे दिसले तर अजून काम बाकी आहे. बघून झालं की तो लेयर काढून टाका.

रेघोटी

अंधारखोली यांची पद्धत मीही वापरते, पण एक शंका. हे आकडे गॅमा लागलेल्या फाइलचे आहेत, आणि उजेड मिसळतो तो लिनिअरमध्ये. काळ्याला काळा जुळला तरी चेहऱ्यासारखे मधले टोन थोडे सरकणार ना?

अंधारखोली

सरकतात, मान्य. मी खोडाला बूट जुळवतो आणि चेहरा नजरेने पाहतो. अल्बमच्या कव्हरला एवढ्यावर भागतं. व्हिडिओ कंपोझिटिंगवाले लिनिअरमध्येच काम करतात आणि त्यांचं बरोबर आहे.

रेघोटी

चेहऱ्यावर "भागतं" म्हणणं मला पटत नाही, पण चालू द्या. शेंगाचटणी, धूर पाण्याजवळ जड असतो. बांधाच्या कडेचं गवत पाहा. ते खोडाच्या वरच्या भागापेक्षा फिकं असेल तर सॉलिड कलरच्या मास्कला ग्रेडियंट द्या, पायाशी जास्त, डोक्याशी कमी.

शेंगाचटणी

गवत आणि खोड जवळपास सारखंच निघालं, म्हणून ग्रेडियंट नाही दिला. कर्व्ह्ज आणि किनार केली. आता खरंच तिथे उभा वाटतोय. मालकांनी दोनदा झूम करून पाहिलं.

नवीन अडचण! पार्टीला दाखवलं तर नवरदेवाची आई म्हणते, आमचा पोरगा धुरात हरवलाय, तोंड दिसत नाही. मालक म्हणाले त्याला अर्ध्या अंतरावर आण. पण तिथे बाभूळ नाही की दगड नाही, नुसती माती. काळं मोजायचं कशावर? ३८ चं निम्मं १९ टाकू का?

बाळीवेसचा बंड्या

आईचं ऐक बे, पैसे तीच देणार. चेहऱ्यापुरता धूर पुसून टाक.

अंधारखोली

चेहऱ्यापुरता पुसलात तर पुन्हा पुठ्ठा होईल. पुढे आणा, तेच बरं. पण निम्मं अंतर म्हणजे निम्मा धूर नाही. उजेड दर टप्प्याला त्याच पटीत गळतो, म्हणून ०.६२ चं वर्गमूळ घ्या: ०.७९. धूर २१ टक्के. आकारही दुप्पट करा. बांध सपाट आहे, तेव्हा क्षितिजाची रेघ त्याला आधी शरीरावर जिथे छेदत होती तिथेच आता छेदली पाहिजे. कर्व्ह्ज तसाच ठेवा, सूर्य तोच आहे.

रेघोटी

२१ कमी पडेल असं मला वाटतं. सूर्य समोर आहे, लेन्समध्येही उजेड पसरला असेल, आणि तो अंतर पाहत नाही. नवरीच्या केसांचा काळा किती आहे?

शेंगाचटणी

लाल २२.

रेघोटी

बघा, चार पावलांवर धूर नगण्य, तरी २२. म्हणजे सहा-सात टक्के लेन्सचेच. तेवढे बाजूला काढून बाकीच्याचं वर्गमूळ घेतलं आणि परत मिळवले तर २४ येतं.

अंधारखोली

केसांवर तेलाची चमकही असू शकते, त्यावरून लेन्स ठरवू नका. शेंगाचटणी, नवरीच्या डाव्या-उजव्या बाजूला सावलीत गडद काही सापडलं तर ते मोजा. तेही २० च्या वर असेल तर रेघोटींचं धरा.

शेंगाचटणी

तिच्या पर्सची आतली बाजू दिसतेय थोडी. उद्या स्टुडिओत गेलो की मोजून टाकतो.