मदत हवी आहे: 10000 पदांची बेरीज, उत्तर 198 की 199?

मुलुंड_एफवाय: सराव परीक्षेत कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचा प्रश्न होता: 1 + 1/√2 + 1/√3 + … + 1/√10000 या बेरजेचा पूर्णांक भाग काढा. 1/√x घटत जातं, म्हणून मी बेरीज दोन इंटिग्रलमध्ये अडकवली. खालून 1 ते 10001 चं इंटिग्रल, ते 198.01 आलं. वरून 0 ते 10000 चं, ते 200 आलं. पण मग 198 आणि 199 दोन्ही शक्य राहतात. उत्तर 198 दिलंय. 199 कसं बाद होतं? परवा पेपर आहे.

दादर_फास्ट: दोन्हींचा मध्य घे, 199.005 येतो. उत्तर 199च, छपाईची चूक असणार.

गिरगावचे_मास्तर: बेरीज बरोबर मध्यावर असते असं कुठे आहे? दोन्ही बाजूंची चूक सारखी नसते. मुला, ग्राफवर एक-एक रुंदीच्या पट्ट्या काढ. वरच्या मर्यादेसाठी पहिली पट्टी 0 ते 1 मध्ये बसते, तिचं क्षेत्रफळ 1. पण तिथे वक्र आभाळाला भिडलाय आणि त्याच्याखालचं क्षेत्रफळ 2 आहे. तू 1 च्या जागी 2 मोजलेस, तिथेच घोळ झाला. पहिलं पद जसंच्या तसं ठेव आणि उरलेल्यांसाठी इंटिग्रल 1 पासून घे: 1 + (2√10000 − 2) = 199. उरलेली प्रत्येक पट्टी वक्राच्या पूर्ण खाली आहे, म्हणून बेरीज 199 पेक्षा कमीच, बरोबर 199 नाही. हे वाक्य पेपरात लिही, नाहीतर मार्क कापतात.

माहीम_एक्सेल: मला ही पद्धतच पटत नाही. 1 ते 100 च्या वर्गमुळांची बेरीज करायची होती. 0 ते 100 चं इंटिग्रल वरची मर्यादा म्हणून घेतलं, ते 666.67. एक्सेलमध्ये बेरीज 671.46!

गिरगावचे_मास्तर: ताई, √x वाढतं फलन आहे, तिथे बाजू उलटतात. तुमचं 666.67 ही खालची मर्यादा झाली. वरची हवी तर 1 ते 101 घ्या.

माहीम_एक्सेल: 676.02 आलं. हां, बसतंय.

मुलुंड_एफवाय: सर, कळलं! पहिली चार पदं हाताने करून पाहिली, 2.7845. वरून 2.7845 + (200 − 4) = 198.7845, खालून 5 पासून इंटिग्रल घेऊन 198.3223. फट अर्ध्याहून कमी झाली.

गिरगावचे_मास्तर: शाब्बास. जितकी जास्त पदं हाताने करशील तितकी फट आवळत जाईल, कारण वक्र पुढे सपाट होतो.

दादर_फास्ट: माझं चुकलं. पायथनमध्ये लूप चालवला, 198.5446 आलं. 10 लाख पदांना 1998.5401. दोन्हीकडे 2√N मधून साधारण 1.46 कमी. हा आकडा पट्ट्यांवरून काढता येईल का?

मुलुंड_एफवाय: मलाही हेच विचारायचं होतं. चार पदं घेतली तर तो 1.22 आणि 1.69 च्या मध्ये असणार एवढंच कळतंय.