मदत हवी आहे: ‘सगळी फरशी सदोष’ म्हणून शेवटचं बिल अडवलंय, उत्तराचं पत्र कसं लिहू?

थापीवाला:
मी टाइल बसवायची कामं घेतो. एका घराचा हॉल आणि दोन खोल्या केल्या. हॉलमध्ये 162 टाइल, खोल्यांत मिळून 72, सगळ्या 60 बाय 60 सेंटिमीटरच्या व्हिट्रिफाइड. टाइल मालकांनी आणल्या, केमिकल आणि मजुरी माझी. पाच महिन्यांनी हॉलमधल्या 6 टाइल तंबूसारख्या उचलल्या गेल्या. आणखी 13 बद्द वाजतात. खोल्यांत काहीच नाही.

आता मालकांचं पत्र आलंय: सगळं काम निकृष्ट, सगळी फरशी उखडून नवी करून द्या, तोवर उरलेले 30 टक्के मिळणार नाहीत. 14 दिवसांत उत्तर मागितलंय.

हॉल जवळजवळ 11 मीटर लांब, एका बाजूला पूर्ण काच, दुपारभर ऊन. मधे एक हलता सांधा सोडू या, असं मी मेसेजवर सुचवलं होतं. ‘मधे पट्टी नको, दिसायला वाईट’ असं उत्तर आलं, ते माझ्याकडे आहे. भिंतीकडेनं मी मोकळी फट ठेवली होती, नंतर स्कर्टिंगवाल्यानं ती ग्राउटनं गच्च भरली. ‘आमची काहीही चूक नाही, सर्व आरोप खोटे आहेत’ असा मसुदा केलाय. पाठवू का?

काठपदर:
पाठवा बिनधास्त. बद्द वाजणं हा दोष नसतोच. आणि ते पाच महिने राहिले म्हणजे त्यांनी काम स्वीकारलं, विषय संपला.

साईटवरचा_माणूस:
काठपदर, अर्धंच बरोबर आहे. नुसत्या आवाजावरून टाइल सुटली असं सिद्ध होत नाही, हे खरं. पण राहायला आले म्हणून आत लपलेला दोष माफ होत नाही. पत्रात ते लिहिलंत तर समोरचा पहिला तेच खोडून काढेल.

थापीवाला, मसुदा थांबवा. आधी सांगा, उचललेल्या टाइलखाली काय दिसतं? केमिकलच्या रेघा चेपून सपाट झाल्यात आणि त्यांवर टाइलच्या पाठीची नक्षी उमटलीय, की दातेरी थापीच्या रेघा तशाच उभ्या आहेत?

सावली_बाई:
आमच्या बाथरूममध्ये टाइलचे सांधे काळे पडलेत आणि खालच्या घरात ओल येते. ते पण केमिकलमुळेच का? आम्ही तर पैसे आधीच देऊन बसलो.

साईटवरचा_माणूस:
सावलीताई, ओल उतरतेय म्हणजे टाइलखालचं वॉटरप्रूफिंग किंवा पाइप बघावा लागेल. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

थापीवाला:
फोटो मोठे करून पाहिले. चार टाइलखाली नक्षी स्पष्ट उमटलीय. दोनखाली रेघा उभ्या आहेत, बोट फिरवलं तर वरची साय कोरडी लागेल अशा. त्या दिवशी पोरांनी केमिकल बरंच पुढपर्यंत पसरून ठेवलं होतं, तेव्हा मी साईटवर नव्हतो. मला वाईट वाटतंय.

साईटवरचा_माणूस:
मग ‘काहीही चूक नाही’ हे वाक्य काढाच. ज्या चारखाली नक्षी आहे त्या आधी नीट चिकटल्या होत्या. प्रसरणाला जागा मिळाली नाही म्हणून नंतर सुटल्या, असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. दोनवर मात्र केमिकलची साय धरल्यावर टाइल ठेवली गेली, ती तुमची. न उघडलेल्या 13 बद्दल आत्ता कुणीच काही म्हणू नये. त्यातल्या तीन-चार दोघांसमोर उघडायची मागणी करा. आणि तोवर त्यांनी दुसऱ्याकडून उखडून घेऊ नये, हे ठळक लिहा. पुरावा त्या केमिकलच्या थरात आहे, एकदा फोडला की गेला.

काठपदर:
दोन कबूल केल्या की ते उरलेल्या 232 पण गळ्यात मारतील. मी असतो तर एकही लिहिली नसती.

थापीवाला:
खोटं लिहायला हात धजत नाही. मधला परिच्छेद असा केलाय:

‘आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून कळवतो की, उचललेल्या 6 टाइलपैकी 2 आम्ही आमच्या खर्चाने बदलून देऊ. उरलेल्या 4 टाइलखाली पूर्ण पकड मिळाल्याची खूण आहे. हलता सांधा नाकारल्याचा आपला मेसेज आणि कडेची फट भरल्याचे फोटो सोबत जोडले आहेत. बद्द वाजणाऱ्या 13 टाइलची संयुक्त पाहणी व्हावी, तोवर फरशीला हात लावू नये. खोल्यांतील 72 टाइलबाबत आपण एकही दोष दाखवलेला नाही. म्हणून वादातील टाइलच्या दुरुस्तीइतकी रक्कम राखून बाकीचे देयक द्यावे.’

साईटवरचा_माणूस:
चांगलं झालंय. पाहणीसाठी दोन तारखा सुचवा, नाहीतर ते लांबवत राहतील. एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारली जाणार: सांध्याशिवाय फरशी उचलली जाईल, हे परिणामासकट लिहिलं होतं का, की नुसतं ‘सोडू या’?

थापीवाला:
नुसतं ‘सोडू या’. परिणाम तोंडी सांगितला होता. याने माझी बाजू किती पडते, कुणाला अनुभव आहे का?