पाइलची 'मान' की 'कंबर'?

मांडवीकर: आमची सोसायटी पाडून नवी बांधताहेत. कमिटीने पाइलच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांच्या, ठोका मारून केलेल्या तपासणीचा अहवाल मराठीत करून मागितलाय, कारण निम्मे सभासद सत्तरीपुढचे. पाइल 18 मीटर खोल, 600 मिलिमीटर व्यास. एकीबद्दल लिहिलंय, 'सुमारे 6 मीटरवर नेक'. मी 'मान' लिहिलं, तर सासरे म्हणाले, मान डोक्याखाली असते, इतक्या खोल कशी? 'कंबर' चालेल?

रावपुरा_जुना: आधी 'पाइल' काढा. संस्कृतात खांबाला स्थूणा म्हणतात. स्थूणानिखननन्याय ऐकला असेल: खांब हलवून हलवून घट्ट रोवायचा. आपलं 'हलवून खुंटा बळकट' तिथूनच आलं असणार. नेकला 'संकोच' लिहा. सयाजीरावांनी कारभाराच्या शब्दांचा कोश करवून घेतला त्या गावात आपण राहतो, जरा लाज बाळगू या.

स्लरीवाला: काका, न्याय झकास आहे, पण तो रोवलेल्या खांबाचा. ही पाइल भोक पाडून जागेवर ओतलेली. तिला हलवलं तर बळकट होणार नाही.
मांडवीकर, शब्द नंतर बघू. अहवालातल्या आलेखात 6 मीटरच्या आधी काही दिसतं का?

अलकापुरी_३: माठ वाजवून घेतो तसंच ना हे? बद्द आवाज आला की तडा.

स्लरीवाला: ठोका मारायचा एवढंच सारखं. आवाज कोणी ऐकत नाही. पाइलचं डोकं चांगलं काँक्रीट लागेपर्यंत तासतात, त्यावर सेन्सर मेणाने चिकटवतात आणि प्लास्टिकच्या टोकाची हातोडी मारतात. लाट खाली जाते, बुडाशी आपटून वर येते. काँक्रीटमध्ये तिचा वेग सेकंदाला 4000 मीटरच्या आसपास धरतात. म्हणजे 18 मीटर जाऊन यायला 9 मिलिसेकंद. त्याआधी काही परत आलं, तर वाटेत काहीतरी बदललंय. 3 मिलिसेकंदांना आलं असेल तर 6 मीटरवर.
काय बदललं ते दिशेवरून कळतं. छेद, म्हणजे पाइलची आडवी जाडी, कमी झाला तर परतीची लाट आलेखात ठोक्याच्याच बाजूला उठते, वाढला तर उलट्या बाजूला. म्हणून खऱ्या नेकमध्ये आधी ठोक्याच्या बाजूला उठाव आणि पाइल पुन्हा जाड होते तिथे उलटा.

मांडवीकर: आत्ता पाहिलं. साधारण सव्वादोन मिलिसेकंदांना उलट्या बाजूला खळगा आहे. मग 3 ला उठाव. शेवटी 9 च्या जवळ बूड स्पष्ट आहे.

स्लरीवाला: मग तुमच्या पाइलला कंबर नसून पोट असण्याची शक्यता जास्त! साडेचार मीटरवर भोकाची बाजू ढासळली असेल, काँक्रीट तिथे पसरलं आणि 6 मीटरवर पाइल मूळ मापाला आली. फुगवट्यावरून मूळ मापाला येणं हाही छेद कमी होणंच, लाटेला तो नेकसारखाच दिसतो. काँक्रीट किती गेलं ते बघा. हिशोबाने 5.1 घनमीटर लागतं.

मांडवीकर: नोंद 5.7 ची आहे.

स्लरीवाला: पोटाच्या बाजूने पुरावा, पण निकाल नाही. एकूण जास्त गेलं तरी एखाद्या जागी कमी असू शकतं. ओतताना काँक्रीट कुठवर चढलं त्याच्या टप्प्याटप्प्याच्या नोंदी मागा, शेजारच्या पाइलचे आलेखही. मातीचा थर बदलला तरी असं दिसतं, पण मग ते सगळ्यांतच त्याच खोलीवर येतं.

दांडिया_बाजार: आमच्या साइटवर जेसीबीने पाइलच्या डोक्याला धक्का दिला होता. आलेखात सारख्या अंतराने उठाव, 1.2, 2.4, 3.6 मिलिसेकंदांना, आणि बुडाचा पत्ताच नाही. खणलं तर सुमारे 2.4 मीटरवर आडवा तडा. वरचा तुकडा काढून पुन्हा ओतला. त्यामुळे मी 'तडा'च लिहीन.

स्लरीवाला: दादा, तुमचा तडाच होता. लाट पलीकडे गेलीच नाही, वरच्या तुकड्यातच येरझाऱ्या घालत राहिली. यांचं बूड दिसतंय, म्हणून आरपार तडा नाही. उभा तडा मात्र या चाचणीत दिसत नाही, आणि छेदातली थोडीशी घट निसटून जाते.

रावपुरा_जुना: म्हणजे 'संकोच' ठीक आहे.

स्लरीवाला: नाही ना. लाटेला छेद आणि काँक्रीटचा दर्जा वेगवेगळे कळत नाहीत. पाइल बारीक झाली किंवा तिथलं काँक्रीट मातीमिश्रित निघालं, आलेख सारखाच. 'कंबर', 'संकोच' हे आकाराचे शब्द. मी 'सुमारे 6 मीटरवर छेद किंवा दर्जा कमी असल्याचा संशय' असं लिहीन.

रावपुरा_जुना: हे वाक्य झालं. शब्द मागितलाय.

अलकापुरी_३: 'आवळ' कसा वाटतो? आवळलेली जागा. कंबरही नको, मानही नको.

मांडवीकर: सासऱ्यांना 'आवळ' पटला. पण अहवाल देणाऱ्या इंजिनिअरला पोटाचं विचारलं, तर म्हणतात नेकच आहे, सॉफ्टवेअरने दाखवलंय.

स्लरीवाला: सॉफ्टवेअर आलेख मोठा करून दाखवतं, नाव माणूस ठेवतो. साडेचार मीटरच्या खळग्याचं त्यांचं स्पष्टीकरण लेखी मागा.

दांडिया_बाजार: एक विचारू? सगळे 'ती पाइल' का म्हणताय? आमच्याकडे 'तो पाइल'.

रावपुरा_जुना: स्थूणा स्त्रीलिंगी आहे.