सल्ला हवा: मक्तेदाराच्या नफ्यावर कर बसला तरी किंमत का वाढत नाही, हे वर्गात कसं समजवावं?

खडूफळा
प्रथम वर्ष वाणिज्यला शिकवते, मराठी माध्यम. पुढच्या आठवड्यात मक्तेदारीवरचे कर आहेत. नफा कर किंवा एकरकमी कर लावला तरी मक्तेदार उत्पादन आणि किंमत बदलत नाही, हे मुलांना पटतच नाही. "कर वाढला की मालक किंमत वाढवणारच, मॅडम" असं ठामपणे सांगतात. आकृती काढली तर एकरकमी करासाठीही सीमांत खर्चाची रेषा वर सरकवतात. कोणतं उदाहरण घेऊ? आधी आकृती की आधी तक्ता?

सह्याद्री७
मुलांचं बरोबरच आहे की. कर हा शेवटी खर्चच. कंपनी तो गिऱ्हाइकाकडून काढते, आणि स्पर्धक नसेल तर आणखी सहज.

मांडव_मालक
माझं तालुक्यात एकच मंगल कार्यालय आहे, म्हणून लिहितो. नगरपरिषदेने घरपट्टी वाढवली तेव्हा मी भाडं ५,००० ने वाढवलं. तारखा तेवढ्याच भरल्या. मग तुमचा सिद्धांत कुठे गेला? आणि बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तर पार्टीच भरते.

जुना_परीक्षक
खडूफळा ताई, मांडव_मालकांचंच उदाहरण घ्या आणि आधी तक्ता करा. आकडे मी सोयीचे धरतो. भाडं ६०,००० असेल तर वर्षाला ४० तारखा जातात. भाडं हजाराने वाढवलं की एक तारीख कमी होते, हजाराने उतरवलं की एक वाढते. प्रत्येक कार्यामागे वीज, सफाई, माणसं मिळून २०,००० जातात. वर्षाचा ठरलेला खर्च ६ लाख.

४० तारखांना प्रत्येकी ४०,००० सुटतात, म्हणजे १६ लाख. त्यातून ६ गेले, नफा १० लाख. भाडं ६१,००० केलं तर ३९ तारखा आणि नफा ९,९९,०००. ५९,००० केलं तर ४१ तारखा आणि नफा पुन्हा ९,९९,०००. म्हणजे शिखर ४० वर आहे.

आता नफ्यावर ३० टक्के कर लावा. ४० तारखांना हातात ७,००,००० उरतात, ३९ ला किंवा ४१ ला ६,९९,३००. त्याऐवजी एकरकमी १ लाख कर लावा. ४० ला ९,००,००० उरतात, शेजारी ८,९९,०००. दोन्ही वेळा शिखर जागच्या जागी. भाडं वाढवून कर भरून निघत नाही, उलट हातातलं आणखी कमी होतं.

तिसरा कर मात्र जरूर दाखवा: प्रत्येक कार्यामागे १०,०००. भाडं ६०,००० च ठेवलं तर नफा ६ लाख. ६५,००० केलं तर ३५ तारखा आणि नफा ६,२५,०००. इथे भाडं वाढतं, पण कराच्या निम्म्यानेच. जीएसटीही असाच प्रत्येक तारखेबरोबर वाढतो, त्यामुळे तो या प्रश्नात बसत नाही.

रेषेची चूक सुधारायला मुलांना एकच विचारा: आणखी एक तारीख घेतली तर घरपट्टी किती वाढेल? एका रुपयानेही नाही. म्हणून सीमांत खर्च हलत नाही, सरासरी खर्चाची रेषा तेवढी वर जाते. एकरकमी कर १० लाखांच्या वर गेला, तर मात्र प्रश्न "किती तारखा" असा राहत नाही, "कार्यालय चालवायचं का" असा होतो.

मांडव_मालक
मग माझ्या तारखा कमी का झाल्या नाहीत?

जुना_परीक्षक
कारण तुमचं आधीचं भाडं शिखराच्या खाली होतं. घरपट्टी वाढली नसती तरी ती वाढ तुम्हाला परवडलीच असती.

मांडव_मालक
परवडली असती, पण केली नसती. सगळी ओळखीची माणसं. कारण सांगता आलं म्हणून धीर झाला.

जुना_परीक्षक
हे मला मान्य आहे. मालक पूर्ण नफ्यामागे धावतो, हे आपलं गृहीतक आहे. ते सुटलं की निष्कर्षही सुटतो. मुलांना हे सांगाच.

सह्याद्री७
तक्ता पटला. पण वीज कंपन्यांचं काय? केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरनियमांत भांडवलावरचा परतावा आयकर मिळवून वाढवून धरतात. तिथे नफ्यावरचा कर थेट दरात येतो ना?

जुना_परीक्षक
येतो. तिथे दर कंपनी ठरवत नाही, खर्चावर परतावा जोडून आयोग ठरवतो. आपला मक्तेदार स्वतः किंमत ठरवणारा आहे. आणखी एक मर्यादा: मालकाने स्वतःचे ५० लाख गुंतवले असतील, तर त्यावरचं बुडालेलं व्याज कर मोजताना वजा होत नाही, बँकेच्या कर्जाचं होतं. म्हणून यंदाच्या तारखा बदलत नसल्या, तरी दुसरा हॉल बांधायचा विचार मागे पडू शकतो.

खडूफळा
तक्त्यानेच सुरुवात करते, आकृती दुसऱ्या तासाला. दुसऱ्या हॉलचा मुद्दा प्रथम वर्षाला घ्यावा का? अल्पकाळ-दीर्घकाळ अजून शिकवायचं आहे.

मांडव_मालक
घ्या, ताई. माझा वरचा मजला चार वर्षं त्याच हिशेबात अडकलाय.