एकत्र कुटुंबात रोज तासभर एकटीचा वेळ कसा मागावा? मदत हवी आहे

अबोली_क:
घरात आम्ही सात जण. सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई, आम्ही दोघं आणि आमची चार वर्षांची मुलगी. माणसं चांगली आहेत हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून त्यांना कुणी नावं ठेवणार नाही. मुलगी तान्ही असताना मी नोकरीवर परत जाऊ शकले ती सासूबाईंच्या भरवशावर. माझं ऑपरेशन झालं तेव्हा जाऊबाई रात्र रात्र उशाशी बसल्या होत्या.

पण माझा असा वेळच मला मिळत नाही. घरातलं मोठं कपाट आमच्या खोलीत आहे, त्यामुळे दार लोटलं तरी कुणी चादर घ्यायला येतं, कुणी कागदपत्रं शोधायला. आईशी फोनवर बोलून झालं की बाहेरून विचारणा होते, "काय म्हणाल्या?" विचारतात ते मायेनेच, तरी मला नको होतं. मग सगळे झोपल्यावर मी उगाच जागत बसते, कारण तेवढेच तास माझे. सकाळी डोकं जड आणि चिडचिड मुलीवर निघते.

मध्यंतरी एका संध्याकाळी आतून कडी लावून पडले होते. बाहेर आले तर सासूबाईंचा चेहरा उतरलेला. "आमचं काही चुकलं का गं?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? नवऱ्याशी विषय काढला तर त्याला वाटतं, मला वेगळं व्हायचंय. तसं अजिबात नाही. संध्याकाळी तासभर मला कुणी हाक मारू नये, एवढंच हवंय. ज्यांनी माझ्यासाठी इतकं केलं त्यांच्याकडे हे कसं मागायचं?

सडेतोड:
सरळ जवळच वेगळं बिऱ्हाड करा. रोज येणं-जाणं ठेवा. लांब राहिलं की गोडी टिकते.

अबोली_क:
दादा, वेगळं व्हायचं नाही असं वर लिहिलंय. मुलीला आजी-आजोबा हवेत आणि मलाही हवेत.

पहाटवारा:
मी ध्यानाला बसते असं सांगून टाकलं. तेव्हापासून अर्धा तास कुणी फिरकत नाही. नुसतं "मला एकटं बसायचंय" म्हटलं की लोकांना लागतं, काहीतरी कारण दिलं की चालतं. तुम्हीही तसंच करा.

मध्यस्थ:
मी बरीच वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते. पहाटवारा यांचं निम्मं बरोबर आहे. त्यांना वेळ मिळाला तो कारणामुळे कमी आणि ठरलेल्या वेळेमुळे जास्त. रोज त्याच वेळी लागणारं दार कुणाला खुपत नाही. अचानक लागलेल्या दाराचा मात्र अर्थ लावला जातो, आणि घरातली माणसं तो रुसवा असाच लावतात. सासूबाईंचा प्रश्न त्यातूनच आला. खोटं कारण दिलंत तर ज्या दिवशी आत फोनवर बोलताना ऐकू याल त्या दिवशी ते उघडं पडेल, आणि मग खरंच दुखावतील.

अपराधी वाटण्याबद्दल थोडं सांगते. अर्विन ऑल्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडलेला विचार मला रोजच्या कामात उपयोगी पडतो. त्याच्या मते खासगीपणा म्हणजे नुसतं एकटं असणं नव्हे. कोणी किती जवळ यावं हे आपल्या हातात असणं, म्हणजे खासगीपणा. हवा त्यापेक्षा कमी मिळाला की गर्दी वाटते, जास्त झाला की एकटेपणा येतो. माणूस दिवसभरात उघडतो आणि मिटतो, दोन्ही लागतं. त्यामुळे सासूबाईंबद्दलची माया आणि दार लावावंसं वाटणं ही एकाच मनाची दोन कामं आहेत, त्यांचा एकमेकींशी हिशोब लावायचा नाही.

आता करायचं काय. आधी कपाट बाहेर काढा, किंवा त्यातलं रोज लागणारं सामान दुसऱ्या खोलीत हलवा. माझ्या अनुभवात निम्मी ये-जा वस्तूंसाठी असते, माणसासाठी नसते. मग एकच वेळ ठरवा, आणि तासाऐवजी सुरुवातीला अर्धा तास घ्या. त्या वेळात मुलीकडे नवरा बघेल हे पक्कं करा. ते काम आपसूक सासूबाईंवर पडलं तर तुमची विश्रांती त्यांच्या खांद्यावर जाते आणि तुमचा अपराधीपणा खरा ठरतो.

बोलायचं सगळं निवांत असताना, भांडणानंतर कधीच नाही. वाक्य साधं ठेवा: "आई, ऑफिसातून आले की डोकं भणभणतं. अर्धा तास दार लावून पडते, मग तुमच्यापाशी येऊन बसते." दुसरं वाक्य गाळू नका. दार किती वाजता उघडणार हे कळलं की लावण्याची भीती जाते.

पहिल्या आठवड्यांत दारावर थाप पडेलच. उसासा टाकू नका, दार उघडून "सातला येते" एवढं म्हणा आणि पुन्हा लावा. बाहेर आल्यावर भरपाई म्हणून दुप्पट कामाला लागत असाल, तर समजा की वेळ मिळाली पण परवानगी तुम्ही स्वतःला अजून दिलेली नाही.

एक मर्यादाही सांगते. कुणी फोन तपासत असेल, पगार काढून घेत असेल, बाहेर जायला अडवत असेल, तर तो वेगळा विषय आहे. तिथे वेळ ठरवून भागत नाही. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही.

थोरली_काकू:
मी सासू आहे, म्हणून लिहिते. सून दार लावायची तेव्हा मलाही वाटायचं, आपण नकोसे झालो. मग लक्षात आलं की मला स्वतःलाच दुपारी कुणी नको असतं, पण नातवंडं माझ्याच अंगाखांद्यावर. माझ्यासाठी असा वेळ कुणी काढलाच नव्हता. अबोली, तुझ्या सासूबाईंना विचार, तुम्हाला कधी निवांत वेळ हवा? मागण्याआधी विचार.

हॉलवासी:
तुम्हा सगळ्यांना निदान दार तरी आहे. मी धाकटा, लग्न व्हायचंय, हॉलमध्ये झोपतो. टीव्ही बंद झाल्याशिवाय अंथरूण पडत नाही. माझ्यासारख्याने काय करायचं?

मध्यस्थ:
भिंत नसेल तिथे रीत उपयोगी पडते. खाकरून आत येणं हीसुद्धा एक भिंतच. तुमच्याबाबतीत टीव्हीची वेळ ठरवून घेणं आणि एक कुलूप लागणारा कप्पा मागणं, एवढं तरी व्हावं. सगळा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही खरं.

अबोली_क:
सगळ्यांचे आभार. कपाटाचं मला कधी सुचलंच नव्हतं. सासूबाईंना विचारलं, तुम्हाला निवांत कधी हवं असतं? आधी हसल्या, मग म्हणाल्या, "जेवणं झाल्यावर, पोरगी झोपत नाही तेव्हा." आता सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलीला मी घेऊन जाते आणि संध्याकाळचा अर्धा तास माझा, असं ठरलंय. थाप दोनदा पडली, पण कुणी रुसलं नाही.

नवऱ्याचं मात्र अडलंय. मुलीला सांभाळतो, पण रात्री आमच्या दोघांच्या वेळेबद्दल आईशी बोलायला त्याला जमत नाही. मुलगी अजून आमच्यातच झोपते. ती आजीजवळ झोपावी हे सुचवायचं कुणी, मी की त्याने?

थोरली_काकू:
त्यानेच. सुनेने म्हटलं तर वेगळं वाटतं, मुलाने म्हटलं तर आई ऐकते.

मध्यस्थ:
मला इतकी खात्री नाही. सासूबाई तुमच्याशी मोकळ्या बोलताहेत, तर मुलीला विचारून बघा आजीजवळ झोपशील का. तीच हट्ट धरून गेली तर बोलायचा प्रसंगच येणार नाही. पण आजीची झोप मोडणार असेल तर आधी त्यांना विचारलं पाहिजे, आणि ते नवऱ्यानेच विचारावं.