मदत हवी: ऑफिसच्या मेलमध्ये मराठी इंग्रजी अक्षरात लिहू की देवनागरीत?

तापीकाठ: राम राम मंडळी, जरा लवकर सांगा, उद्या सकाळी साहेबांना उत्तर द्यायचंय. आमचे मेल मराठीतच असतात, आत्तापर्यंत इंग्रजी अक्षरात टाकायचो, परवा त्यातून मोठा घोळ झाला आणि माल अर्धा दिवस उन्हात पडला. मी म्हणतो आता देवनागरीत लिहू, तर साहेब म्हणतात समोर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, नको. काय करू?

भरीतभाकरी: घोळ कोणता ते तर सांगा भाऊ. मेल जातो कोणाला, पाठवता कशावरून?

तापीकाठ: सावद्याजवळ केळीचं पॅकिंग आहे. बागेवरच्या माणसाला मी हे लिहिलं:

```
udyasathi 1 gadi keli
```

मला म्हणायचं होतं गाडी केली, म्हणजे ठरवली. त्याने वाचलं एक गाडी केळी, आणि सकाळीच मजूर लावून गाडीभर घड कापून ठेवले. गाडी मी दुसऱ्या बागेसाठी केलेली. त्याची चूक म्हणता येत नाही, आमच्याकडे केळी म्हटलं की केळीच.

रावेरकर_७: एवढ्यासाठी लिपी कशाला बदलता? ळ साठी मोठा L टाकायचा, keLi. मी दहा वर्षं तसंच लिहितो, काही अडलं नाही.

पाटणादेवी: तुमच्या ऑफिसात सगळ्यांना ते माहीत असेल म्हणून नाही अडलं. नव्या माणसाला मोठा L म्हणजे ळ हे कोण सांगणार? आणि घाईत मोबाईलवर कोणी मोठं अक्षर शोधत बसत नाही. नुसत्या ळ चाही प्रश्न नाही, sat म्हणजे सात आणि sath म्हणजे साठ, एक h राहिला की त्रेपन्न पेट्यांचा फरक. निदान आकडे तरी आकड्यातच टाका.

जामनेरी: देवनागरी महाग पडते हे लक्षात घ्या. इंग्रजीत १६० अक्षरं बसतात, मराठीत ७० च, मग एकाचे दोन मेसेज धरतात. आमच्या सोसायटीने त्यामुळेच बंद केलं.

पाटणादेवी: ते एसएमएसचं, दादा. तिथे तुमचं बरोबर आहे, पण मेलला अक्षरं मोजून पैसे लागत नाहीत.

मेहरूण_काठ: मी पंधरा वर्षं ऑफिसांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, म्हणून सांगतो, आधी समोर नेमकं काय दिसतं ते बघा. चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, त्या मशीनवर फक्त फॉन्ट नाही, तोच मेल मोबाईलवर उघडला की वाचता येईल. `à¤•` असलं काही दिसत असेल तर मजकूर आलाय पण चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय, तो बहुतेक वेळा परत मिळतो. पण खरी प्रश्नचिन्हं म्हणजे वाटेत कुठेतरी अक्षरं कायमची गेली, समोरच्याने फॉन्ट टाकून काही होणार नाही, दोष पाठवणाऱ्या बाजूला शोधा. तुम्ही मेल साध्या जीमेलवरून टाकता की बिलाच्या सॉफ्टवेअरमधून आपोआप जातो? आणि मराठी टाईप कशात करता? जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत लिहून मेलमध्ये चिकटवत असाल तर तो तिसराच आजार. ओळखायला मजकूर निवडून फॉन्ट एरियल करा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड आहे, इंग्रजी अक्षरांचा चुरा झाला तर नाही.

बोरीचा_पूर: इनस्क्रिप्ट शिका सगळ्यांनी. n दाबला की ल, शिफ्ट धरून n दाबला की ळ. पंधरा दिवसात हात बसतो, मग कीबोर्डकडे बघावंही लागत नाही.

तापीकाठ: टायपिंग मला येतं हो, मोबाईलवर करतो. मेहरूणभाऊ, एरियलमध्ये मराठी तशीच राहिली. जीमेलवरून टाकलेला मेल बागेवर, पुण्याला, सगळीकडे नीट दिसला. प्रश्नचिन्हं फक्त बिलाच्या सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या मेलला येतात.

मेहरूण_काठ: मग साहेबांना तेच दाखवा, दोष मराठीचा नाही. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की मेल यूटीएफ-८ मध्ये पाठव, आणि डेटाबेसमधल्या रकान्यात मराठी नीट साठतेय का तेही बघ. तिथेच प्रश्नचिन्हं साठत असतील तर जुनी नोंद परत येणार नाही, नव्याने टाकावी लागेल. तोवर ऑर्डरचे मेल हाताने जीमेलवरून टाका.

अहिर_पोरगा: आपली अहिराणी कशात लिहायची पण? मी भावाला इंग्रजी अक्षरातच लिहितो, देवनागरीत लिहिलं की हात आपोआप पुस्तकी मराठीकडे वळतो.

भरीतभाकरी: त्याचा वेगळा धागा काढ भो, मला त्यावर बरंच बोलायचंय.

तापीकाठ: साहेब तयार झाले. पण एक अडचण राहिलीच. सुरतेचा आमचा माणूस घरात खान्देशीच बोलतो, शाळा मात्र गुजरातीत झाली, देवनागरी हळूहळू वाचतो. तो म्हणतो मला इंग्रजी अक्षरातच टाका. एकाच मेलवर तो आणि बागवाला दोघं असतात.

पाटणादेवी: मेल देवनागरीतच ठेवा, आणि वर विषयात गाडी नंबर, तारीख, पेट्या हे इंग्रजी अक्षरात नि आकड्यात टाका. त्याला बहुतेक तेवढंच लागत असणार.

रावेरकर_७: आणि 'गाडी केली' लिहूच नका, 'गाडी ठरवली' लिहा. कोणत्याही लिपीत.

तापीकाठ: हे आधी सुचायला हवं होतं. सुरतवाल्याला विचारून सांगतो.