मदत हवी आहे: तळहाताच्या फोटोत भाग्यरेषा एकदा दिसते, एकदा गायब होते

शुभदा_प्रतापनगर
नमस्कार मंडळी. बाबांच्या उजव्या हाताचा फोटो पुण्यातल्या एका जाणकारांना पाठवायचा होता. पहिला फोटो मी भर दुपारी गच्चीवर काढला, तळहात उन्हाकडे करून. त्यावर उत्तर आलं, "भाग्यरेषा नाहीच." आठ दिवसांनी संध्याकाळी खिडकीपाशी दुसरा काढून पाठवला, तर तेच म्हणाले, "रेषा मनगटापासून निघते, मस्तकरेषेपाशी तुटते." हात तोच, फोनही तोच. दोन्ही फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवले. आठ दिवसांत रेषा उगवत नाही, एवढं मलाही कळतं. मग फोटो कसा काढायचा म्हणजे जे आहे तेच दिसेल? आणि फोटोवरून सांगितलेलं कितपत धरायचं?

संत्रा_मार्केट
ताई, सोपं आहे. फ्लॅश लावून जवळून काढा. उजेड जितका जास्त तितक्या रेषा स्पष्ट. नाहीतर झेरॉक्सवाल्याकडे स्कॅनरवर हात ठेवा, त्यात तर काही लपतच नाही.

वैनगंगा
फ्लॅश नको. उजेड भरपूर हवा हे बरोबर, पण तो कुठल्या बाजूने येतो यावर सगळं आहे.

रेषा म्हणजे कातडीवरची घळ. तिच्या एका काठाची सावली आत पडली तरच ती फोटोत काळी उमटते. उजेड समोरून आला की घळीचा तळही उजळतो आणि रेषा पुसली जाते. फोनचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, म्हणजे उजेड समोरूनच येणार. शुभदाताईंनी गच्चीवर हात सूर्याकडे केला, तिथेही तेच झालं. मे महिन्यात नागपूरला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे हात नुसता आडवा धरला तरी ऊन सरळ वरून पडतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तिरपा उजेडसुद्धा सगळ्या रेषा एकदम दाखवत नाही. उजेड ज्या दिशेने वाहतो त्याच दिशेने जाणारी रेषा फिकी पडते, त्याला आडवी जाणारी उठून दिसते. भाग्यरेषा मनगटाकडून मधल्या बोटाकडे उभी जाते. खिडकी बोटांच्या टोकांकडे असेल तर उजेड तिच्या अंगानेच वाहतो आणि ती नाहीशी होते, हृदयरेषा आणि मस्तकरेषा मात्र गडद येतात. खिडकी करंगळीच्या बाजूला आली की उलट होतं.

आयुष्यरेषेचं तर दोन्हीकडून नुकसान. ती वळते. तर्जनी आणि अंगठ्याच्या मधला तिचा भाग बराचसा आडवा असतो, खालचा भाग मनगटाकडे उभा उतरतो. बोटांकडून उजेड आला की वरचा भाग ठळक येतो आणि खालचा विरतो. असा फोटो पाहून "रेषा अर्ध्यातच संपली" असं कुणी सांगितलं तर घरात उगाच घोर लागतो. म्हणून एक फोटो कधीच पुरत नाही. कमीत कमी दोन, एकाच हाताचे, उजेडाची दिशा बदलून.

महालकर
माझ्या सासूबाईंच्या हाताच्या रेषा पण अशाच गायब झाल्या आहेत. रेशन दुकानात मशीनवर अंगठा उमटतच नाही, तीन तीनदा ठेवावा लागतो. भांडी घासून घासून झालं म्हणतात. यावर काही उपाय आहे का? फोटो असा काढला तर चालेल का मशीनला?

वैनगंगा
दादा, तो वेगळा विषय आहे. मशीन बोटाच्या टोकावरचे बारीक कंगोरे वाचतं, इथे बोलतोय त्या तळहाताच्या घड्या. फोटो काढून मशीनला काही उपयोग नाही. अंगठा येत नसेल तर दुसरं बोट ठेवून बघा, आणि डोळ्याची ओळख घेणारं यंत्र आहे का ते दुकानात विचारा.

पण तुमच्यामुळे एक आठवण झाली. हाताचा चांगला फोटो म्हणजे बोटांचे ठसेही त्यात आले. 2014 साली जर्मनीत एका संगणक-सुरक्षा अभ्यासकाने तिथल्या संरक्षणमंत्र्यांच्या नेहमीच्या फोटोंवरून अंगठ्याचा ठसा तयार करून दाखवला होता. आपल्याकडे ठशावर बँकेतून पैसे निघतात. शंख-चक्र बघायचे नसतील तर बोटांची पहिली पेरं झाकून मगच फोटो पाठवा. इथे धाग्यावर तर पूर्ण हात टाकूच नका.

शुभदा_प्रतापनगर
धन्यवाद. दिशेचं आता लख्ख कळलं. पण खिडकीपाशी नेमकं काय करायचं? आमच्याकडे खिडकीला उन्हाळ्याची हिरवी जाळी लावली आहे आणि बाहेर कूलर आहे.

वैनगंगा
जाळी आणि कूलर नसलेली खिडकी शोधा. हिरव्या जाळीतून आलेल्या उजेडात हात आजारी दिसतो, आणि रंगावरून बोलणारा माणूस फसतो. सकाळी आठ-नऊची वेळ बघा, पण थेट ऊन हातावर नको. खोलीतला दिवा बंद करा, दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या एकमेकींना पुसतात.

हात साबणाने धुवून कोरडा करा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. तेल किंवा क्रीम असेल तर उंचवट्यांवर पांढरे डाग चमकतात, घामाचंही तेच. मेंदी असेल तर ती उतरेपर्यंत थांबा.

टेबल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. त्यावर खाकी पुठ्ठा, त्यावर घडी केलेला टॉवेल, त्यावर हाताची मागची बाजू. काळं कापड घेऊ नका. फोन त्या काळ्याला उजळ करायला जातो आणि तळहात पांढराफटक करून ठेवतो. बोटं सैल, किंचित फाकलेली. हात ताणून सपाट केला की बारीक रेषा ओढल्या जाऊन मिटतात. उलट बोटं आत वळली की नसलेल्या घड्या पडतात.

आता आगपेटीची एक काडी तळहाताच्या मधोमध उभी धरा. तिची सावली काडीच्या साधारण दुप्पट लांब पडली पाहिजे. सावली आखूड असेल तर उजेड फार वरून येतोय, टेबल मागे घ्या. तिप्पट-चौपट लांब असेल तर अंगठ्याखालच्या उंचवट्याची सावली हातभर पसरेल, टेबल पुढे घ्या. याच कारणाने उभ्या रेषांच्या फोटोला खिडकी अंगठ्याच्या बाजूला न ठेवता करंगळीच्या बाजूला ठेवा.

फोन तळहाताला समांतर, 35 ते 40 सेंटिमीटर वर, आणि झूम 2x. अगदी जवळ नेला तर हाताचा जो भाग लेन्सजवळ तो फुगतो, बोटं आणि तळव्याचं प्रमाण बिघडतं. पुढचा कॅमेरा वापरू नका, काही फोन त्यातला फोटो उलटा साठवतात आणि उजव्याचा डावा होतो. तळव्याच्या मध्यावर बोट दाबून फोकस धरा, स्क्रीनवरूनच फोटोचा उजेड किंचित कमी करा. फोटो दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या.

मग टेबल तसंच ठेवून बाबांना फक्त खुर्ची फिरवायला सांगा. पहिला फोटो खिडकी करंगळीकडे, दुसरा बोटांकडे, तिसरा दोन्हींच्या मधे तिरका.

रेखा_अभ्यासक
वैनगंगा यांनी उजेडाचं उत्तम सांगितलं. पाठवण्याबद्दल मी भर घालतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्याची मोठी बाजू सुमारे 1600 ठिपक्यांवर येते. हात मनगटापासून बोटापर्यंत साडेअठरा सेंटिमीटर धरा, तो फोटोत 1400 ठिपके व्यापतो. म्हणजे एका मिलिमीटरला सात-आठ ठिपके. 0.2 मिलिमीटरची बारीक रेषा त्यात दीड ठिपक्याची उरते आणि दाबून पाठवताना तीही पुसते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ आकारात जातो.

एक परीक्षा सांगतो. फोटो मोठा करून तळव्यावरचे कातडीचे बारीक कंगोरे मोजता येतात का बघा. ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतरावर असतात. ते दिसत असतील तर बारीक रेषेवर बोलता येईल. कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसत असेल तर फोनने अंधारात स्वतःच कातडी सारवली आहे. तिथे "रेषा तुटली" म्हणू नये.

स्कॅनरबद्दल: काचेवर दाबलेला भाग पांढरा पडतो, आणि पातळ बनावटीच्या स्कॅनरमध्ये तळव्याचा खोलगट मध्य काचेला टेकत नसल्याने धूसर येतो. नेमका तिथूनच भाग्यरेषा जाते. माझ्या मते शाईचा ठसा अजूनही सगळ्यांत खात्रीचा, कागदाखाली मऊ रुमाल ठेवला म्हणजे खोलगा उमटतो.

वैनगंगा
ठशाबद्दल पूर्ण सहमत नाही. शाई जास्त झाली की बारीक रेषा भरून जातात, कमी झाली की खोलगा कोरा राहतो आणि तिथे रेषा आहे की शाई पोचली नाही हे कळत नाही. तीन ठसे घेतले तर ठीक.

फोटोत मुळीच येत नाही तेही सांगायला हवं. उंचवटा किती उंच, हे तिरप्या उजेडात दुप्पट वाटतं आणि समोरच्या उजेडात शून्य. हात मऊ की कडक, अंगठा किती मागे वळतो, कातडी कोरडी की ओलसर, हे दाबून बघावं लागतं. रंगाचं तर फोन स्वतःच ठरवतो. हात दोन मिनिटं खाली सोडला तरी लाल होतो. फोटोवरून उंचवट्यांवर आणि रंगावर ठामपणे बोलणाऱ्याला मी तरी मानणार नाही.

आणि रेषेच्या अर्थाबद्दल: घडी आहे की नाही एवढं फोटो दाखवू शकतो. त्या घडीवरून आयुष्य किंवा नोकरी कळते, हे कुठल्या तपासणीत सिद्ध झालेलं नाही. बाबांच्या औषधपाण्याचा किंवा पैशाचा निर्णय यावर टांगू नका.

रेखा_अभ्यासक
शेवटच्या मुद्द्यावर आपलं जुळणार नाही, पण औषधपाण्याबद्दल मान्य. हात बघून कुणी डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगत असेल तर ते चूकच.

शुभदा_प्रतापनगर
आज सकाळी काढले. काडी 4 सेंटिमीटर, सावली 8. करंगळीकडे खिडकी असताना भाग्यरेषा मनगटाच्या थोडी वरून निघून मस्तकरेषेपर्यंत स्पष्ट आहे. बोटांकडे खिडकी केली तर ती जवळपास दिसतच नाही, तुम्ही म्हणालात तसंच. आयुष्यरेषा पहिल्या फोटोत खालपर्यंत जाते, दुसऱ्यात मधेच विरते. कंगोरे दिसतात. पण भाग्यरेषेत मस्तकरेषेच्या वर साधारण 3 मिलिमीटरची फट आहे, करंगळीकडच्या आणि तिरक्या अशा दोन्ही फोटोंत. म्हणजे खरंच तुटली आहे का?

वैनगंगा
दोन्ही दिशांच्या उजेडात फट त्याच जागी असेल तर ती उजेडाची करामत नाही. आता फक्त हाताच्या ठेवणीची शंका राहते. बाबांना अंगठा बाहेरच्या बाजूला हलकेच ताणून धरायला सांगा आणि करंगळीकडचा फोटो पुन्हा घ्या. फटीच्या वरचा तुकडा तेव्हा मिटला तर ती अंगठ्यामुळे पडलेली घडी होती, रेषा मस्तकरेषेपाशीच थांबते. टिकला तर तुकडा खरा.

रेखा_अभ्यासक
आणि वरचा तुकडा खालच्या रेषेच्या सरळ ओळीत आहे की थोडा बाजूला सरकून सुरू होतो, तेही बघा. आमच्याकडे या दोन्हींचा अर्थ वेगळा लावतात. 3 मिलिमीटरच्या फटीत हे फोटोवरून ठरवायला मी कचरतो. बाबांच्या हातावर भिंग धरून बघितलं तर जास्त बरं.

शुभदा_प्रतापनगर
अंगठा ताणल्यावर वरचा तुकडा फिका झाला, पण पूर्ण गेला नाही. भिंग शेजाऱ्यांकडे आहे, संध्याकाळी आणते. तोपर्यंत पुण्याला तिन्ही फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवते, पेरं झाकून, आणि प्रत्येकावर खिडकी कुठल्या बाजूला होती ते लिहून.